काट्यावर ऐंशी, रस्त्यावर शहात्तर

गाडी रस्त्यावरून किती वेगानं चालली आहे, हे स्पीडोमीटरला थेट कळत नाही. चाक, किंवा चाकाला जोडलेला गिअरबॉक्समधला एखादा दांडा, किती फेरे घेतो आहे एवढंच त्याला समजतं. एका फेऱ्यात गाडी किती पुढं सरकते, हा आकडा कारखान्यात एकदाच ठरवून मीटरला दिलेला असतो. फेरे मोजायचे, त्या आकड्यानं गुणायचं आणि आलेलं उत्तर काट्यानं दाखवायचं, असा हा व्यवहार आहे. फेरे मोजण्यात सहसा चूक होत नाही. मीटर आणि रस्ता यांच्यात अंतर पडतं ते नंतर: टायर झिजतो, त्यातली हवा कमीजास्त होते, कुणी वेगळ्या मापाचा टायर बसवतो, आणि शिवाय कंपनीनं काटा मुद्दामच थोडा वर ठेवलेला असतो.

हे अंतर किती आहे ते शोधायला गॅरेजमध्ये जावं लागत नाही. हायवेच्या कडेला दर किलोमीटरला एक दगड उभा आहे आणि प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहे. दोन दगडांमधलं अंतर ठाऊक आहे, ते कापायला लागलेला वेळ मोजला, की वेग मिळाला. त्यात चाक नाही, टायर नाही आणि कंपनीचा गुणाकारही नाही. म्हणूनच मीटर तपासायला ही पद्धत योग्य ठरते, कारण मीटर ज्या ज्या कारणांनी चुकतं त्यातलं एकही कारण इथं शिरत नाही.

हिशेब एका ओळीचा आहे. तासाला 3600 सेकंद असतात, म्हणून 3600 ला एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटरमध्ये वेग येतो. साठ सेकंद लागले तर वेग साठ. पन्नास लागले तर बहात्तर, पंचेचाळीस लागले तर ऐंशी, चाळीस लागले तर नव्वद, छत्तीस लागले तर शंभर. हे पाच आकडे पाठ असले की पुरे, मधले अंदाजानं काढता येतात. पंचेचाळीसच्या आसपास एका सेकंदाचा फरक म्हणजे साधारण पावणेदोन किलोमीटरचा फरक. काही महागड्या मनगटी घड्याळांच्या कडेवर 60, 90, 120 असे आकडे कोरलेले असतात, ते ह्याच भागाकाराची उत्तरं असतात. त्या पट्टीला टॅकीमीटर म्हणतात. पहिल्या दगडापाशी सेकंदकाटा सुरू करायचा, दुसऱ्यापाशी थांबवायचा आणि तो जिथं थांबला त्यासमोरचा आकडा वाचायचा. तीस सेकंदांच्या जागी 120 आणि चाळीसच्या जागी 90 कोरलेलं दिसेल.

आता दगडांकडे वळू, कारण खरी मेख तिथं आहे.

राष्ट्रीय महामार्गावरच्या दगडाचा माथा पिवळा असतो आणि राज्य महामार्गावरच्याचा हिरवा. येणाऱ्या वाहनाला दिसणाऱ्या तोंडावर गावाचं नाव आणि तिथवरचं अंतर लिहिलेलं असतं. इथंच नवख्या माणसाची फसगत होते. लागोपाठच्या दगडांवर एकाच गावाचं नाव असेलच असं नाही. एकावर रस्त्याच्या शेवटच्या शहराचं अंतर असतं, पुढच्यावर वाटेतल्या तालुक्याच्या गावाचं, त्यापुढच्यावर आणखी जवळच्या गावाचं. 92 नंतर 91 यायची वाट पाहत बसलेल्याला अचानक 24 दिसतो आणि मधला दगड निसटला असं वाटतं. म्हणून गावांचे आकडे वाचण्याच्या भानगडीत पडू नये, दगड मोजावेत. रस्त्याच्या सुरुवातीपासूनचा किलोमीटर क्रमांक बहुधा दगडाच्या रस्त्याकडच्या बाजूला असतो. तो दिसला तर उत्तम, पण ऐंशीच्या वेगात तो क्षणभरच दिसतो.

बऱ्याच महामार्गांवर दोन मोठ्या दगडांच्या मधे दर दोनशे मीटरला छोटे दगडही असतात, त्यांवर 2, 4, 6, 8 असे आकडे. वेळ मोजणाऱ्याला ते फार उपयोगाचे आहेत. '8' गेला, की ऐंशीच्या वेगात नऊ सेकंदांनी किलोमीटरचा दगड येणार. तेवढ्या अवधीत बोट बटणावर आणि नजर कडेला तयार ठेवता येते. काही नव्या रस्त्यांवर आणि द्रुतगती मार्गांवर दगडांऐवजी खांबावरच्या पाट्या असतात. त्याही तितक्याच चालतात, फक्त दर वेळी त्याच प्रकारची खूण धरायची. एकदा दगड आणि एकदा पाटी असं करायचं नाही.

मोजणारा माणूस चालक नसावा. ह्यात तडजोड नाही. गाडी चालवणाऱ्यानं दोनच गोष्टी पाहायच्या, रस्ता आणि काटा. आपण डाव्या बाजूनं गाडी चालवतो, दगडही डाव्या कडेला असतात, त्यामुळे पुढच्या डाव्या सीटवरचा माणूस ह्या कामाला अगदी योग्य जागी बसलेला असतो. दुचाकीवर मागं बसलेल्यालाही हे मोजता येतं, पण मागचा माणूस हलला की चालकाचा तोल जातो आणि हातातला मोबाइल सुटतो, म्हणून मी तो सल्ला देणार नाही.

दगड 'आला' असं कधी म्हणायचं? खिडकीच्या चौकटीची मागची उभी कड आणि दगड एका रेषेत आले की बटण दाबायचं. डोकं सीटला टेकलेलं ठेवायचं, म्हणजे दोन्ही टोकांना ती रेषा सारखीच राहते. दगड दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत थोडा उशीर होतोच, पण तो दोन्ही टोकांना जवळपास सारखा होतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. उरते ती दोन उशिरांमधली तफावत, सेकंदाच्या दोन-तीन दशांशांची. पंचेचाळीस सेकंदांत तीन दशांश म्हणजे पाऊण टक्क्याच्याही आत. सलग पाच किलोमीटर मोजले, तर तीच चूक पाच पट मोठ्या वेळात विरते आणि नगण्य होते.

पाच किलोमीटर मोजायचं आणखी महत्त्वाचं कारण म्हणजे स्वतः दगड. रस्ता रुंद होतो, मोरी नव्यानं बांधली जाते, कुणाच्या तरी शेताचं किंवा ढाब्याचं तोंड नेमकं दगडाच्या जागी येतं. दगड उपटला जातो आणि थोडा पुढंमागं पुन्हा रोवला जातो. एखादा दगड दहा मीटर सरकला, तर एका किलोमीटरच्या मोजणीत सरळ एक टक्क्याची चूक होते. पाच किलोमीटरच्या मोजणीत मधल्या चारही दगडांच्या चुका आपोआप गळून पडतात, कारण एकूण वेळ फक्त पहिल्या आणि शेवटच्या दगडावर अवलंबून असते. मग मधले दगड टिपायचेच कशाला? ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

समजा, पुण्याहून सोलापूरला निघालेली एक गाडी टेंभुर्णी मागं टाकून मोहोळच्या दिशेनं चालली आहे. रस्ता चौपदरी, मधे दुभाजक, बऱ्यापैकी सपाट आणि सरळ, सकाळची वेळ, वाहतूक तुरळक. आत्या गाडी चालवते आहे, भाचा शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसला आहे. "आत्या, काटा ऐंशीवर आला की सांग, आणि मग हलू देऊ नकोस," एवढं तो म्हणतो. आत्या पहिल्या दगडाच्या बऱ्याच आधी काटा ऐंशीवर स्थिर करते. भाचा पहिल्या दगडाला घड्याळ सुरू करतो, पुढच्या प्रत्येक दगडाला 'लॅप'चं बटण दाबतो आणि सहाव्या दगडाला थांबवतो. सहा दगड म्हणजे पाच किलोमीटर. दगड आणि त्यांच्यामधल्या जागा यांत गल्लत करायची नाही.

मोबाइलवर पाच वेळा उमटतात: 46.9, 47.3, 48.6, 46.1 आणि 47.4 सेकंद. बेरीज 236.3. पाच किलोमीटरसाठी 18000 ला ह्या बेरजेनं भागायचं, उत्तर 76.2. काटा ऐंशी म्हणत होता, रस्ता शहात्तर म्हणतो. मीटर जवळपास पाच टक्के जास्त दाखवतं.

आता ती पाच आकड्यांची ओळ पुन्हा पाहा. सरासरी 47.3 च्या आसपास आहे, पण तिसरा किलोमीटर 48.6 चा आणि चौथा 46.1 चा. फक्त तिसराच किलोमीटर मोजला असता तर वेग 74 आला असता, फक्त चौथा मोजला असता तर 78. आत्याचा पाय हलला का? पाय हलला असता तर एक किलोमीटर सावकाश गेला असता आणि पुढचा पुन्हा नेहमीसारखा झाला असता. इथं एका किलोमीटरला जेवढा वेळ जादा लागला, साधारण तेवढाच पुढच्या किलोमीटरला वाचला. ह्याचा अर्थ त्या दोघांच्या मधला दगड आपल्या जागेवर नाही. गाडी सेकंदाला 21 मीटर चालली होती, फरक सव्वा सेकंदाचा, म्हणजे तो दगड सुमारे पंचवीस मीटर पुढं सरकलेला आहे. मीटर तपासता तपासता रस्त्याच्या कडेचा एक दगडही तपासून झाला, आणि तोही गाडीतून न उतरता.

कधीकधी ओळ वेगळी दिसते: 47, 47, 60, 47, 47. एक किलोमीटर लांब, पण त्याची भरपाई करणारा आखूड किलोमीटर शेजारी नाही. गावाबाहेरून नवं वळण काढलं, आणि पुढच्या सगळ्या दगडांचे आकडे बदलण्यापेक्षा एकच किलोमीटर लांब किंवा आखूड ठेवला, की असं होतं. वरच्या आकड्यांत तो 'किलोमीटर' जवळजवळ तेराशे मीटरचा निघतो. अशा वेळी पाचही आकड्यांची बेरीज करून उपयोग नाही. तो तुकडा बाजूला ठेवायचा आणि उरलेल्यांवर हिशेब करायचा. बायपास, नवे उड्डाणपूल आणि काम चालू असलेले रस्ते मोजणीसाठी टाळावेत ते ह्याचसाठी. घाटही टाळावा, कारण चढ-वळणांत काटा एका जागी धरताच येत नाही.

काटा स्थिर ठेवणं हीच ह्या सगळ्या प्रकारातली सर्वांत कच्ची कडी आहे. बोटाची चूक दशांश टक्क्यात जाते, दगडाची चूकही पाच किलोमीटरमध्ये तशीच बारीक होते. पण काटा ऐंशीऐवजी एकोणऐंशीवर रेंगाळला, तर सव्वा टक्का तिथंच गेला. 'मधे थोडा कमी झाला, मग वाढवून भरून काढला' हेही चालत नाही. अर्धं अंतर सत्तरनं आणि अर्धं नव्वदनं कापलं, तर सरासरी ऐंशी येत नाही, 78.75 येते, कारण हळू चाललेल्या अर्ध्या भागात गाडी जास्त वेळ घालवते. क्रूझ कंट्रोल असेल तर तो लावावा. नसेल तर मोकळा रस्ता निवडावा, आणि मधेच ट्रक आडवा आला तर ती मोजणी सोडून द्यावी. मोजणी पूर्ण करण्यासाठी ओव्हरटेक करायचं नाही.

येताना विरुद्ध बाजूनं पुन्हा मोजावं. समुद्रात जहाजाचा वेग तपासताना किनाऱ्यावरच्या दोन खुणांमधून जाऊन-येऊन मोजतात, कारण पाण्याला प्रवाह असतो. रस्त्याला प्रवाह नाही. वारा समोरून असला तर इंजिनाला जास्त जोर लावावा लागेल, पण चाक रस्त्यावर तेवढंच फिरेल. तरीही परतीची मोजणी उपयोगी पडते, कारण दुभाजकाच्या रस्त्यावर त्या बाजूचे दगड वेगळे असतात, वेगळ्या वेळी वेगळ्या हातांनी रोवलेले. आपल्या उदाहरणात परतीच्या पाच किलोमीटरला 235.6 सेकंद लागले, वेग 76.4. दोन स्वतंत्र दगडमालिका एकच गोष्ट सांगत असतील, तर त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

हे पाच टक्के येतात कुठून? काही भाग मुद्दाम ठेवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी 39 क्रमांकाचा नियम स्पीडोमीटरबद्दल आहे आणि युरोपसह अनेक देश तो पाळतात. त्याचा गाभा असा: मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालेल, पण मोटारीच्या बाबतीत खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर, एवढ्यापर्यंतच. खरा वेग ऐंशी असताना काटा ऐंशीपासून ब्याण्णवपर्यंत कुठंही असला तरी तो नियमात बसतो. एकोणऐंशीवर असला तर बसत नाही. आता कंपनीच्या जागी उभं राहून पाहा. गिऱ्हाईक टायर नवा ठेवील की झिजवील, हवा किती भरील, हे तिच्या हातात नाही. कुठल्याही परिस्थितीत काटा खऱ्या वेगाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, तर तो आधीच थोडा वर ठेवणं हाच सुरक्षित मार्ग उरतो. आपल्याकडच्या गाड्यांचे मीटरही बहुधा त्याच बाजूला झुकलेले असतात.

उरलेला भाग टायरचा. 185/65 R15 हे आपल्याकडच्या मोटारींत आढळणारं एक माप घेऊ. ह्या टायरचा बाहेरचा व्यास साधारण 62 सेंटिमीटर आणि घेर 1.95 मीटर. भारानं टायर खाली किंचित दबतो, म्हणून गाडी चालताना एका किलोमीटरला सव्वापाचशेच्या आसपास फेरे होतात. नव्या टायरवर नक्षी सात-आठ मिलिमीटर खोल असते; ती 1.6 मिलिमीटरवर आली की मोटारीसाठी टायर कायद्यानं बाद. ह्या आयुष्यात त्रिज्येचे सुमारे सहा मिलिमीटर जातात, म्हणजे जवळपास दोन टक्के. चाक लहान झालं, फेरे वाढले, आणि मीटर वाढलेल्या फेऱ्यांना वाढलेला वेग समजतं. गोटा झालेल्या टायरवर मीटर जास्त दाखवतं ते असं.

मुद्दाम ठेवलेला भाग किती आणि टायरचा किती, हे वेगळं काढता येतं का? येतं, आणि ह्या पद्धतीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. त्यासाठी घड्याळही लागत नाही. किलोमीटर मोजणारा आकडा, म्हणजे ओडोमीटर, त्याच चाकाच्या फेऱ्यांवर चालतो, पण त्याला वर झुकवण्याचं कारण कंपनीला नसतं. एखाद्या दगडापाशी ट्रिप मीटर शून्यावर आणायचं काम शेजारच्यानं करावं आणि वीस दगडांनंतर ते काय म्हणतं ते पाहावं. आपल्या उदाहरणातल्या गाडीत ते 20.2 झालं असं धरू. म्हणजे गाडीनं गृहीत धरलेल्या चाकापेक्षा प्रत्यक्ष चाक एक टक्क्यानं लहान आहे. तीन मिलिमीटर झिजलेल्या टायरला हे शोभतं. पाच टक्क्यांतला एक टक्का टायरचा ठरला, उरलेले चार टक्के काट्यातच घातलेले. नवे टायर घातले की ओडोमीटर बरोबर येईल, पण काटा चार टक्के वरच राहील. तिथं गॅरेजवाल्याला करण्यासारखं काही नाही, आणि काही करूही नये.

जुन्या केबलच्या मीटरलाही हीच युक्ती लागू पडते. पुढच्या चाकातून निघालेली केबल मीटरमधला एक चुंबक फिरवते, त्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, फिरता चुंबक तिला आपल्याबरोबर ओढतो आणि एक नाजूक स्प्रिंग तिला मागं खेचते. दोघांच्या ओढाताणीत काटा जिथं थांबतो तो वेग. ओटो शुल्झं ह्या जर्मन अभियंत्यानं 1902 मध्ये ह्याचं पेटंट घेतलं आणि पुढं जवळजवळ शतकभर जगभरच्या गाड्यांत हीच रचना राहिली. किलोमीटरचे आकडे मात्र त्याच केबलवरच्या दातेरी चाकांनी फिरतात, तिथं चुंबकाचा संबंध नाही. म्हणून जुन्या स्कूटरवर आकडे दगडांशी जुळत असतील आणि काटा जुळत नसेल, तर दोष चाकात किंवा केबलमध्ये नसून चुंबकात नाहीतर स्प्रिंगमध्ये आहे. चुंबक क्षीण झाला तर काटा कमी दाखवतो, स्प्रिंग सैल झाली तर जास्त.

एकाच वेगावर थांबू नये. काटा साठवर, ऐंशीवर, आणि पाटीवरची मर्यादा परवानगी देत असेल तर शंभरवर ठेवून तिन्ही मोजण्या कराव्यात. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेनं दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारींना शंभरची कमाल मर्यादा दिली आहे, पण स्थानिक पाटी त्याहून कमी सांगत असेल तर पाटीच खरी. आपल्या गाडीचे तीन निकाल असे धरू: काटा साठ, खरा वेग 57, काटा ऐंशी, खरा 76.2, काटा शंभर, खरा 95.2. फरक तीन, चार आणि पाच. वेग वाढला तसा फरक वाढला, पण प्रमाण पाच टक्क्यांचंच राहिलं. ह्यावरून चूक गुणाकारात आहे, म्हणजे चाकाच्या मापात किंवा मीटरच्या आकड्यात, हे कळतं. ह्याउलट तिन्ही वेळा फरक तीनचाच आला असता, तर काटाच त्याच्या खुंटीवर जरा पुढं बसला आहे असं म्हणावं लागलं असतं.

मोबाइलमधला जीपीएसही वेग सांगतो, आणि मोकळ्या आभाळाखाली, सरळ रस्त्यावर, स्थिर वेगात तो चांगला सांगतो. दगडांच्या उत्तराशी ताडून पाहायला तो जरूर वापरावा. दोन्ही उत्तरं एकदोन किलोमीटरच्या आत जुळली पाहिजेत. न जुळली तर आधी दगडांची ओळ पाहावी, एखादा लांब किलोमीटर त्यात शिरला आहे का. जीपीएस आकडा देतो, पण त्या आकड्यात किती खोट आहे हे तो सहज दाखवत नाही. सहा दगड ते दाखवतात.

मीटर पाच टक्के जास्त दाखवतं हे कळल्यावर पहिला मोह होतो तो काटा एकशेपाचवर नेण्याचा. मला ते पटत नाही, कारण ते पाच टक्के कायमचे नाहीत. टायर बदलला की ते बदलतात, आणि टायर बदलताना आपण फार हलगर्जी असतो. दुकानदार म्हणतो, "एक साइझ वरचा टाका, गाडी उठून दिसेल," आणि आपण हो म्हणतो. 185/65 R15 च्या जागी 205/65 R15 घातला, तर व्यास 62 सेंटिमीटरवरून जवळजवळ 65 वर जातो, चार टक्क्यांहून थोडा जास्त. आता एका फेऱ्यात गाडी तेवढी जास्त पुढं जाते आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. आत्याच्या गाडीत काटा ऐंशीवर असताना पूर्वी खरा वेग 76.2 होता, तो आता साडेएकोणऐंशीच्या घरात गेला. नवा टायर झिजलेला नाही म्हणून त्यात आणखी एक टक्का घाला, आणि खरा वेग ऐंशी ओलांडतो. कंपनीनं राखून ठेवलेली सगळी जागा एका टायरनं खाल्ली. मुळात दोनच टक्के वर दाखवणारं मीटर असतं, तर काटा शंभरवर असताना गाडी शंभराच्या वर गेली असती, आणि वेग पकडणारा कॅमेरा आपला काटा पाहत नाही.

म्हणून टायरचं माप बदलल्यावर पुढच्या पहिल्याच मोकळ्या रस्त्यावर सहा दगड मोजावेत आणि वीस किलोमीटरचं ट्रिप मीटर पाहावं. ट्रिप मीटर 20 च्या ऐवजी 19.2 वर थांबलं, तर चाक चार टक्के मोठं झालं आहे. मग काट्याची मोजणी घ्यावी. काटा ऐंशी दाखवत असताना पाच किलोमीटरला 225 सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर मीटर अजून सुरक्षित बाजूला आहे. त्याहून कमी लागले, तर मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतं आहे. मग मूळ मापाचे टायर परत घालावेत.

ज्यांच्याकडे गाडीच नाही, त्यांनाही ह्यातली अर्धी मोजणी करता येते. बसमध्ये डाव्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला चालकाचा काटा दिसत नाही, पण दगड दिसतात. व्यावसायिक वाहनांच्या वेगाला लगाम घालणारं जे यंत्र नियमानं बसवावं लागतं, त्याची कमाल मर्यादा बहुतेक वाहनांसाठी ताशी 80 आहे. म्हणजे सपाट रस्त्यावर अशा बसला एका किलोमीटरला पंचेचाळीस सेकंदांपेक्षा कमी लागता कामा नयेत. सलग पाच किलोमीटर चाळीस-चाळीस सेकंदांत गेले, तर ती बस नव्वदनं धावते आहे, आणि हे कंडक्टरला सांगताना हातात आकडा असतो.